छत्तीस छातीचा कागद

पिंप्राळ्यात समीक्षाकडे ब्लाउज टाकला की तो अंगावर बसणारच, अशी बायकांची खात्री होती. लग्नसराईत तिच्या दारात इतक्या पिशव्या लटकायच्या की शेवटी तिनेच नवीन कपडा घ्यायचं बंद केलं आणि शिकवायला सुरुवात केली. समोर बसवून शिकवायला घरात जागा नव्हती. तिचा नवरा प्रशील पंचायत समितीत नोकरीला होता. त्याने मोबाइल स्टँडला उलटा टांगला, कॅमेरा खाली कटिंगच्या टेबलाकडे केला आणि म्हणाला, "तू कापत जा आणि बोलत जा. बाकीचं मी बघतो."

त्यातून कोर्स उभा राहिला. साधा कोर्स साडेचारशेचा. त्यात नुसते रेकॉर्ड केलेले धडे, केव्हाही बघा, कितीही वेळा बघा. पूर्ण कोर्स चौदाशेचा. त्यात तेच धडे, शिवाय दर रविवारी दुपारी लाइव्ह शंका विचारायची सोय आणि मापांप्रमाणे तयार पॅटर्नची पीडीएफ. जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून पानं काढायची, प्रत्येक पानावरच्या चौकटीवर कापून एकमेकांना चिकटवायची, कपड्यावर ठेवायची आणि खडूने रेघ मारून कापायचं. पॅटर्न समीक्षाने स्वतः आखले होते, प्रशीलने ते संगणकावर घेतले होते. भडगावपासून धुळ्यापर्यंतच्या बायका भरती झाल्या. ज्यांना जमत होतं त्या पूर्ण कोर्स घेत, बाकीच्या साधा.

पहिली तक्रार आली तेव्हा समीक्षाने ती मनावर घेतली नाही. भडगावच्या झुंबरबाई रविवारी लाइव्हला आल्या. सगळ्या शिष्यांत वयाने त्याच मोठ्या. त्यांनी ब्लाउज कॅमेऱ्यापुढे धरला. "समीक्षाताई, हुक लागत नाही. छत्तीसचा कापला, सुनेची छाती छत्तीसच आहे, चारदा मोजली."

"अस्तर भिजवून घेतलं होतं का?"

"नाही."

"मग तेच. धुतल्यावर आटलं असणार."

झुंबरबाई म्हणाल्या, "पण अजून धुतलाच नाही."

 समीक्षाने विषय बाहीकडे नेला.

पुढच्या रविवारी आणखी दोघींचं तेच. एकीचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, काखेत कापत होता, दुसरीची पाठ ताणत होती. समीक्षाने त्यांना पॅटर्न कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितलं. कागदावर छातीच्या रेघेपाशी छापलेलं होतं साडेदहा. छत्तीसचा चौथा भाग नऊ, अर्धा इंच सैलपणा, एक इंच शिलाईची जागा. बरोबर साडेदहा. तिने डोकं खाजवलं. "माप घेताना टेप घट्ट धरता का तुम्ही?" दोघी नाही म्हणाल्या. "मग शिलाई जास्त आत घेता?" त्याही बाबतीत दोघी नाही म्हणाल्या, आणि मग एकमेकींकडे बघावं तशा स्क्रीनवर बघत राहिल्या.

प्रशीलने रात्रीचं जेवण वाढून घेता घेता सांगितलं, "शिकणारीच्या हातून चुका होतातच. तू कशाला एवढं लावून घेतेस?"

"पण सगळ्यांची चूक सारखीच कशी होईल?"

प्रशीलने ताट घेतलं आणि जेवायला बसला.

खरा गोंधळ तर साध्या कोर्सच्या बायकांनी घातला. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर सोनल नावाची मुलगी होती. नुकतं लग्न झालेली. तिने धड्याखाली फोटो टाकला. सासू दगडीबाई नवा ब्लाउज घालून ओट्यावर बसलेली, खांदा नीट, काखेत चुणी नाही. खाली सोनलने अहिराणीत लिहिलं होतं, "ताई, बठ्ठं बराबर बसनं. सासू खूश शे." सगळं बरोबर बसलं होतं, सासू खूश होती. आणखी तिघी-चौघींचेही असेच फोटो होते. सगळ्या साध्या कोर्सच्या.

समीक्षा ते फोटो मोठे करकरून बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण मागोमाग तिच्या मनात हिशोब सुरू झाला. साडेचारशे देणारीचा ब्लाउज बसतो आणि चौदाशे देणारीचा बसत नाही. धडे तेच, आवाज तोच, हात तोच. वर जास्तीचे पैसे देणाऱ्यांच्या शंका ती स्वतः दर रविवारी सोडवते. म्हणजे तिच्या सांगण्यानेच बिघडतं की काय? तिने मागच्या लाइव्हचं रेकॉर्डिंग काढून पाहिलं. कुठे चुकीचं बोलले का, हे कान देऊन ऐकलं. सगळं धड्यात होतं तसंच होतं. मग तिने घरच्या कपाटातला पॅटर्न काढला. प्रशीलने पीडीएफ तयार केली त्याच दिवशी काढलेला तो प्रिंट होता. टेप लावली. साडेदहा. त्यावरून जुन्या सुती कापडाचा ब्लाउज कापला, शिवला, शेजारच्या छत्तीसवालीला घालून बघितला. अंगावर ओतल्यासारखा बसला.

आता तिला काहीच कळेना. 

अशात धुळ्याहून स्नेहलचा फोन आला. देवपुरातली स्नेहल पूर्ण कोर्सची सगळ्यात मन लावून शिकणारी. तिचा आवाज पडलेला होता. "ताई, नणंदेच्या लग्नाचा ब्लाउज मी शिवला. पैठणीचा जोडपीस होता. घालायला गेली तर हुक काजापर्यंत पोचत नाही. ती उठून आतल्या खोलीत जाऊन बसली. मी काय चुकले ते तरी सांगा."

"तू काही करू नकोस," समीक्षा म्हणाली. "उसवूही नकोस. मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून ती निघाली. पारोळ्यापर्यंत तिने मनातल्या मनात सगळ्या शक्यता मांडल्या आणि पारोळ्यानंतर त्याच पुन्हा उलट्या क्रमाने मांडल्या. धुळ्याचा स्टँड आला तरी हाती काही लागलं नव्हतं.

स्नेहलच्या घरी खाटेवर तो ब्लाउज पसरलेला होता. जांभळा, जरीच्या काठाचा. शिलाई बघून समीक्षाला वाटलं, हिला मी काय शिकवणार. टाके सरळ, टक्सच्या चुण्या जिथल्या तिथे, अस्तर कुठेही ओढलेलं नाही. तिने नणंदेचं माप घेतलं. छत्तीस. मग पॅटर्न मागितला आणि छातीच्या रेघेवर आपली टेप ठेवली.

रेघेच्या वर छापलं होतं साडेदहा. टेप सांगत होती दहा.

तिने टेप सरळ करून पुन्हा लावली. पुन्हा दहाच.

"माझी टेप ताणली गेली असेल," ती म्हणाली. जुनी कापडी टेप वापरून वापरून लांबते आणि माप कमी दाखवते, हे ती स्वतःच धड्यात सांगायची. "तुझी दे."

स्नेहलची टेप नवी होती. तीही दहा म्हणाली. स्नेहलने मुलाच्या दप्तरातली सहा इंची पट्टी आणली. पट्टी एका वेळी सगळ्या रेघेला पुरेना, म्हणून खूण करून दोनदा लावली. तरी दहाच. खांद्यावर, गळ्यावर, मुंढ्यावर, जिथे ठेवावी तिथे कागद त्याच्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा लहान निघत होता.

"म्हणजे मी आकडा वाचत राहिले," स्नेहल म्हणाली, "मोजलंच नाही."

"मीही वाचतच राहिले," समीक्षा म्हणाली. पण कागद लहान झाला कसा, हे तिला अजूनही समजत नव्हतं. कागद काही भिजवला नव्हता की धुतला नव्हता.

त्या दोघी कोपऱ्यावरच्या बन्सीलालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. बन्सीलालने फाइल उघडून दाखवली आणि सहज सांगितलं, "ताई, तुमची चौकट पार काठापर्यंत आहे. मशीन काठापर्यंत छापत नाही. तसंच काढलं तर रेघ कापली जाते, मग गिऱ्हाईक परत येतं. म्हणून मी 'पानात बसवा' लावतो. आमच्या धंद्यात सगळेच लावतात. त्यात पान किंचित आवळतं, पण रेघ सगळी येते."

"किंचित म्हणजे किती?"

"शंभराला पंच्याण्णव धरा."

समीक्षाने दुकानातल्या स्टुलावर बसून हिशोब केला. साडेदहाचे दहा. एका बाजूला अर्धा इंच, चार भागांत दोन इंच. शिलाई तर सगळ्या जणी मोजून इंचभर आत घालत होत्या. म्हणजे सैलपणासाठी ठेवलेला सगळा कपडा कागदातच नाहीसा झाला होता. तिला आठवलं, प्रशीलने आपल्या कचेरीशेजारी प्रिंट काढताना पान न आवळता पूर्ण मापात काढा असं सांगितलं होतं. बायकांना ते सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि सोनलकडे तर कागद नव्हताच. तिने धडा बघत बघत वर्तमानपत्रावर टेप लावून स्वतः आखलं होतं.

तिला बन्सीलालचा राग येईना. तो भल्यासाठीच करत होता. प्रशीलचा येईना. स्वतःचाही पुरता येईना, आणि राग कुणावर काढावा हेच न कळल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं.

परत येऊन दोघींनी ब्लाउजच्या दोन्ही बाजूंची शिलाई उसवली. आतली जागा सोडून बघितली, पण रेशमावर जुन्या टाक्यांची भोकं उघडी पडत होती. मग साडीच्या पदराकडचा उरलेला जांभळा तुकडा घेऊन काखेपासून कमरेपर्यंत उभी पट्टी जोडली आणि ती हाताखाली लपेल अशी बेतली. नणंदेने घातला. हात वर केला, खाली केला. "बसतो," ती म्हणाली, "पण पट्टी दिसेल का, वहिनी?"

"हात वर करून नाचलीस तर दिसेल," समीक्षा म्हणाली. नणंद हसली. स्नेहल हसली नाही, ती शिलाईकडेच बघत होती.

त्या रविवारी समीक्षाने पूर्ण कोर्सच्या लाइव्हची लिंक साध्या कोर्सवाल्यांनाही पाठवली. सुरुवातीलाच सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. चूक तुमची नव्हती, कागदाची होती आणि कागद माझा होता. नवीन पीडीएफमध्ये काठ सोडून चौकट घेतली आहे. प्रत्येक पानावर दोन इंचांचा चौकोन आहे. आधी त्याला टेप लावायची, तो दोन भरला तरच कपड्याला कात्री लावायची. आणि पहिला ब्लाउज प्रत्येकीने हाताने आखायचा, मगच तयार पॅटर्न वापरायचा.

झुंबरबाईंनी माइक सुरू केला. "एक विचारू का? हातानेच आखायचं, तर मग आम्ही जास्तीचे पैसे कशाचे दिले?"

 प्रशीलने दारातून समीक्षाकडे पाहिलं.

"झुंबरबाई, खरं सांगते, मलाही नीट कळलेलं नाही," समीक्षा म्हणाली. "पॅटर्नचे पैसे मी यापुढे कुणाकडून घेणार नाही, ते सगळ्यांना मिळतील. रविवारचे घ्यावेत असं वाटतं, कारण रविवारी तुम्ही बोलला नसता तर मला हे कधीच समजलं नसतं. पण मग पैसे मी तुम्हाला द्यायचे की तुम्ही मला, हे ठरवता येत नाही. मला थोडे दिवस द्या."

"घ्या की," झुंबरबाई म्हणाल्या. "पण सुनेचा ब्लाउज आधी. त्याला पट्टी कुठून जोडू?"

तेवढ्यात पाड्यावरून सोनलचा आवाज तुटत तुटत आला. रेंज येत-जात होती. ती पहिल्यांदाच लाइव्हला आली होती आणि तिची बाहीबद्दल काहीतरी शंका होती, पण निम्मे शब्द ऐकूच येत नव्हते. समीक्षाने फोन कानाजवळ धरला. "सोनल, पुन्हा सांग. हळू सांग. बाही कुठे अडते?"