सव्वीस वजा आठ

चंद्रप्रकाश राणे सव्वीस वर्षं सैन्यात काढून नायब सुभेदार म्हणून घाटकोपरच्या भटवाडीत परतले, तेव्हा सोसायटीने त्यांना नारळ दिला, शाल दिली आणि पंधरा दिवसांनी विचारलं, आपल्या गेटवर सिक्युरिटीचं बघाल का? माणसं वाईट नव्हती. फौजी म्हटलं की आपल्याकडे बंदूक आठवते, बंदूक म्हटलं की गेट आठवतं, त्यापुढे डोकं चालत नाही. राणेकाकांनी आयुष्यभर बंदुकीपेक्षा डाळ, तांदूळ आणि केरोसीनच जास्त हाताळलं होतं. ते रसद पुरवणाऱ्या खात्यातले. पण हे कुणाला सांगणार?

त्यांची पुतणी गार्गी अंधेरीला मरोळमध्ये नोकरभरतीच्या कंपनीत होती. दिवसाला शंभर रेझ्युमे तिच्या डोळ्यांखालून जात, आणि प्रत्येकाला ती पुरते दहा सेकंदही देत नसे. काकांनी स्वतः केलेलं दोन पानी इंग्रजी तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. वर पदाचं नाव, खाली बदल्यांची यादी, मध्ये फौजी आद्याक्षरांचं रान. शेवटी ‘वर्तणूक: आदर्श’.

“काका, हे वाचून कोणालाही एवढंच कळेल की तुम्ही माणूस चांगले आहात,” ती म्हणाली. “चांगल्या माणसाला गेटवरच उभं करतात.”

“मग काय लिहायचं?”

“तेच, पण त्यांच्या भाषेत.”

तीन रविवार ती भटवाडीला आली. काकी, म्हणजे प्रेमाकाकी, चहा ठेवून समोर बसायची आणि एक शब्दही कानाआड जाऊ देत नसे. तिला एकच हवं होतं. नवरा गेटवर उभा राहून कालच्या पोरांच्या गाड्यांना सॅल्यूट मारणार नाही, एवढं व्हायला हवं. ते ती बोलूनही दाखवायची. “ह्यांचे वडील गिरणीत खपले, पण दुसऱ्यासाठी दार उघडायला कधी उभे राहिले नाहीत. मला ते बघायचं नाही गं.”

काका सांगत आणि गार्गी लिहून घेई. बर्फ पडून खिंड बंद होण्याआधी पुढच्या चौक्यांवर सहा महिन्यांचं धान्य आणि इंधन चढवायचं. ते झालं ‘हंगामी मागणीचा अंदाज आणि साठानियोजन’. जुना माल आधी बाहेर काढायचा, ही पद्धत कंपन्यांतही होती, तिला फक्त तिचं कंपनीतलं नाव मिळालं. साठा मोजणाऱ्या मंडळाचं ‘इन्व्हेंटरी ऑडिट’ झालं, ताफा रवाना करण्याचं ‘डिस्पॅच’. नायब सुभेदार हे पद तिने कंसात ठेवलं आणि पुढे लिहिलं, ऑपरेशन्स सुपरवायझर. मॅनेजर लिहूया का, असं विचारल्यावर काका म्हणाले, “जेवढं होतं तेवढंच लिही.” जागेचं आणि युनिटचं नाव लिहायचं नाही, हे तर त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

अडलं ते आकड्यांपाशी.

“आकडा लागतो काका. किती टक्के वाढवलं, किती टक्के वाचवलं. त्याशिवाय हे लोक बघत नाहीत.”

“सैन्यात वाचवत नाहीत, पुरवतात.”

“असेल ना काहीतरी.”

काकांनी खिशात मावणारी एक वही आणून दिली. रोजची नफरी, म्हणजे हजर माणसं, आणि रोज चढवलेला माल, एवढंच त्यात बारीक अक्षरात होतं. गार्गीने पानं चाळली आणि एका ठिकाणी तिचे डोळे चमकले. एका पानावर नफरी सव्वीस. दुसऱ्या पानावर अठरा. त्यानंतर सात आठवडे अठराच, आणि रोजचा माल मात्र आधीएवढाच. साठा ठरल्या तारखेला पुरा. तिने मोबाइलवर भागाकार केला. एकतीस टक्के.

“काका, सोनं आहे हे! एकतीस टक्के कमी माणसांत तेवढंच काम.” तिने टाइप केलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

काकांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. “ह्यातला हा शब्द काय?”

“ऑप्टिमाइझ्ड. म्हणजे कमी माणसांत तेवढंच काम करून दाखवलं.”

त्यांनी वही मिटून खिशात ठेवली. “खरं आहे ते,” ते म्हणाले.

“इंटरव्ह्यूमध्ये विचारतील, कसं केलंत. दोन मिनिटांत सांगायचं.”

“सांगेन.”

इथे गार्गीने विचारायला हवं होतं, कसं केलंत काका? तिच्या धंद्यातला हा पहिला प्रश्न. समोर परका उमेदवार असता तर तिने विचारलाच असता. पण घरचं माणूस, रविवारची दुपार, काकीच्या घावनांचा वास, आणि आपण कोडं सोडवल्याचा आनंद. माणूस हुशारीच्या भरात असला की कान बंद होतात.

आठवड्याभरात फोन आला. मुलुंडला एका माल साठवणाऱ्या कंपनीचं ऑफिस होतं आणि गोदाम भिवंडीच्या रस्त्याला. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी परतले ते नेहमीसारखेच, ना खूश ना नाराज. शुक्रवारी मेलवर पत्र आलं. असिस्टंट ऑपरेशन्स मॅनेजर. काकीने देवापुढे साखर ठेवली आणि शेजारच्या शुभाकाकूंना कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता.

रविवारी गार्गी पेढे घेऊन आली. काका चष्मा लावून छापून आणलेल्या पत्राचं शेवटचं पान घेऊन बसले होते.

“हे जोडपत्र आहे. माझी उद्दिष्टं म्हणे. एवढी एक ओळ नीट कळत नाही. मराठीत सांग.”

गार्गीने पान घेतलं. गोदामाचं मनुष्यबळ दोन तिमाहींत बासष्टवरून त्रेचाळीसवर आणणे, मालाची उलाढाल कायम ठेवून. इंग्रजीत ते फार सभ्य दिसत होतं. तिने नकळत डोक्यात भागाकार केला. एकतीस टक्के. तिचाच आकडा कंपनीच्या लेटरहेडवर बसून परत आला होता.

समोर काकी, हातात पेढ्यांचं ताट. गार्गीला दोन उत्तरं सुचली. ‘मनुष्यबळाचं नियोजन’ म्हणून मोकळं होता आलं असतं. ते खोटं नव्हतं. असल्या शब्दांवर तर तिचा पगार चालत होता. पण काका तिच्याकडे असे बघत होते, जणू आजवर कुठल्या वरिष्ठाने त्यांना हुकूम चुकीचा वाचून दाखवलाच नव्हता.

“एकोणीस माणसं काढायची,” ती म्हणाली. “सहा महिन्यांत. यादी तुम्ही करायची. आणि उरलेल्यांकडून सगळं काम करून घ्यायचं.”

“गार्गी,” काकी म्हणाली. तिने ताट खाली ठेवलं.

काकांनी चष्मा काढला. “म्हणून तो तसं विचारत होता.”

“कोण?”

“नंदकुमार साहेब, इंटरव्ह्यू घेणारे. म्हणाले, सव्वीसचे अठरा कसे केलेत? मी सांगितलं. दरड कोसळली. माल उतरवून गाडी परत येत होती, आठ जण होते गाडीत. सहा तिथेच गेले. दोघांना हेलिकॉप्टरने खाली नेलं, त्यातल्या एकाचा पाय गेला. खालून येणारा रस्ता बंद, माल होता पण बदली माणसं येणार कुठून? अठराच उरलो.”

 काकांचा आवाज गोदामाचा हिशेब देताना असावा तसाच होता.

“साहेब सॉरी म्हणाले. अगदी मनापासून, मी उगीच का खोटं सांगू? पाणी पुढे केलं. मग म्हणाले, पण उरलेल्या अठरांनी काम पुरं केलं ना? म्हणजे होऊ शकतं. मी म्हटलं, हो.”

“काका, हो का म्हणालात?”

“झालं होतं म्हणून.” ते थांबले. “पण त्या अठरांनी ते का केलं, हे त्याने विचारलं नाही. पोरं रडत पोती उचलत होती गं. मी झोपा म्हटलं तरी झोपत नव्हती. वर चौकीवर आपलेच बसलेत, हे त्यांना माहीत होतं. ते काय टक्क्यांत येतं?”

 गार्गीला स्वतःची लाज वाटली, इतकी की पेढ्याकडेही बघवेना. तीन रविवार ती ह्या माणसाची वही उलटत होती. सव्वीसच्या पानानंतर एक पान कोरं होतं, तेही तिला आठवलं. टाइप करताना ते कोरं पान तिने अंगठ्याने पुढे सारलं होतं.

“मी ती ओळ काढते,” ती म्हणाली. “दुसरीकडे पाठवू.”

“काढ.”

सोमवारी काकांनी नकार कळवला. गार्गीने रेझ्युमे नव्याने केला, आकड्याविना, आणि तीस ठिकाणी पाठवला. आकडा नसलेल्या रेझ्युमेचं काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तीन महिने गेले, एकही फोन आला नाही. शेवटी काका स्वतःच स्टेशनजवळच्या सिक्युरिटी एजन्सीत जाऊन आले. तिथल्या फॉर्मवर उंची, छाती, बंदुकीचा परवाना आणि शेवटचं पद, एवढेच रकाने होते. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरचा, कुणीतरी वापरलेला युनिफॉर्म मिळाला.

त्या रविवारी गार्गी गेली तेव्हा काकी खिडकीपाशी बसून ब्लेडने शर्टाच्या खांद्यावरची शिवण उसवत होती. एजन्सी सुपरवायझरला खांद्यावर तीन तारे देते. फौजेत तेवढे कॅप्टनला मिळतात. काकांनी सांगितलं होतं, माझा एकच होता, दोन काढ.

“काकी, मी करू?”

“नको.” काकीने धागा ओढला. वर न बघता म्हणाली, “दर दिवाळीला मी त्या सहा घरी फोन करते. आठ वर्षं झाली. कुणाच्या मुलाची दहावी, कुणाची सासू गेली, सगळं ठाऊक आहे मला. ह्यांच्याने बोलवत नाही, म्हणून मी करते. तू मला विचारायचं होतंस, गार्गे. चहा ठेवताना मी समोरच तर होते.”

गार्गी खाली बसली. 

“आणि त्या दिवशी तू गप्प राहिली असतीस,” काकी पुढे म्हणाली, “तर आज हे मॅनेजर असते. तेही मला रोज वाटतं. दोन्ही वाटतं.”

आतून काका बाहेर आले. त्यांनी शर्ट घातला, बटणं लावली आणि आरशापुढे ताठ उभे राहिले. दोन तारे उसवले होते तिथलं कापड बाकीच्या खांद्यापेक्षा गडद होतं. काकीने ते हाताने चोळून पाहिलं, पण डाग जाईना.

“किती माणसं आहेत तुमच्या हाताखाली?” काहीतरी बोलायचं म्हणून गार्गीने विचारलं.

“सात,” काका म्हणाले. “सातही जण रोज हजर असतात.”

आणि शिफ्टला उशीर नको म्हणून ते निघाले.