दोन्ही याद्यांत नसलेले मुकुंदराव

मुकुंदरावांचं भाषण वाचून मला किळस आली. भाषण उत्तम होतं, म्हणूनच.

मुंबईच्या विधानसभेत लघुलेखकांनी टिपलेल्या चर्चेचा छापील वृत्तांत, तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या हुबळीला, आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आला. संपादक शेषगिरीअण्णांनी तो माझ्यापुढे टाकला. रविवारी कापूसबाजारातले हमाल आमचे आमदार मुकुंदराव यांचा सत्कार करणार होते. तिथे मी सारांश वाचायचा होता: कुठल्या पक्षाने काय मांडलं आणि मतदान काय झालं.

हमालाच्या पाठीवर किती वजन द्यायचं याला कायद्याने मर्यादा घालावी, एवढीच दुरुस्ती होती. सरकारपक्षाचं म्हणणं, हे व्यापाऱ्यांच्या समजुतीवर सोडावं. मजूर पक्षाचं म्हणणं, त्या समजुतीनेच माणसं वाकली. स्वतंत्र सभासदांत दोन तट पडले. त्यांतले मुकुंदराव दुरुस्तीच्या बाजूने तासभर बोलले आणि हमालांच्या बायकांचे अश्रूही त्यांनी सोडले नाहीत.

मग मतविभागणी झाली आणि मतं समसमान पडली. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे आपलं निर्णायक मत चालू कायद्याच्या बाजूने दिलं. दुरुस्ती पडली.

पडल्याचं हमालांना तारेवरून कळलं होतं. आपला माणूस लढला, म्हणून ते हार घालणार होते. पण वृत्तांतात मत देणाऱ्यांची नावं छापलेली असतात, आणि मुकुंदराव अनुकूल यादीत नव्हते, प्रतिकूल यादीतही नव्हते. हमालांसाठी बोलायचं आणि व्यापाऱ्यांसाठी बाहेर जाऊन बसायचं! त्यांच्या एका मतावर दुरुस्ती पास झाली असती.

अण्णांनी माझ्या सारांशातलं 'मुकुंदराव गैरहजर' हे वाक्य खोडलं. सत्काराचा मांडव व्यापाऱ्यांनी दिला होता, आणि आमच्या जाहिरातीही त्यांच्याच.

"आकडे बरोबर आहेत ना?" ते म्हणाले. "मग खोटं काय लिहिलंय?"

मला त्यांचीही किळस आली, आणि नोकरीपायी गप्प बसलेल्या माझीही.

रविवारी सारांश वाचून झाला. लोक टाळ्या वाजवत होते. मुकुंदराव मान किंचित पुढे करून हाराची वाट पाहत होते. ती मान बघितली आणि माझा तोल गेला. मी वृत्तांत उघडला आणि दोन्ही याद्या, एकेक नाव, मोठ्याने वाचल्या. अण्णा माझा सदरा ओढत राहिले.

हार धरून उभा असलेला मुकादम लक्ष्मण शेवटच्या नावापर्यंत कान देऊन ऐकत होता.

"छपाईत चुका होतात हो," मुकुंदराव हसून म्हणाले.

सभासदांचं भाषण छापण्याआधी त्यांच्याकडे तपासायला जातं. याद्या जात नाहीत; त्यांत कुणाला हात घालता येत नाही. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. लक्ष्मणला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे वळला.

"पुन्हा एकदा वाचा की दादा," तो म्हणाला. "आमच्या सायबांचं नाव तुमच्याकडनं राहिलं बघा."

हार त्याने अजून हातातच धरला होता. मी पहिल्या नावापासून पुन्हा वाचायला लागलो.