पाण्याला नाही म्हणायचं नाही

रात्री नऊ वाजले की क्रांतीला तहान लागायची. दिवसभर मागे मागे फिरून दोन घोट पाजावे लागणारी ही अडीच वर्षांची पोर, पण दिवा मालवला रे मालवला की जन्माची तहानलेली. पाणी झालं की गोष्ट. गोष्ट झाली की मिठी. मिठी झाली की ‘ती नाय, मोठ्ठी मिठी’. मग प्यायलेल्या पाण्याची शू, आणि शू करून आलं की घसा कोरडा पडलेला असायचाच. एवढी युक्ती मोठ्या माणसात असती तर त्याला गावानं सरपंच केलं असतं.

तिच्या आईला, आम्रपालीला, मात्र त्यात काही गंमत वाटेनाशी झाली होती. सांगलीच्या दवाखान्यात ती नर्स होती. सातची ड्यूटी, म्हणजे कडेगावातून सव्वापाचची एसटी, म्हणजे चारला उठणं. नवरा महेंद्र फौजेत, लडाखला. घरात ती, लेक आणि सासू पारूबाई, एवढीच माणसं. क्रांती झोपायला अकरा वाजायचे. बाईनं पाच तासांच्या झोपेवर किती दिवस काढावेत?

मंगळवारी रात्री सहाव्यांदा ‘पानी’ झालं आणि आम्रपालीचा हात उठला. गालावर बसला. क्रांती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं आम्रपाली दुसऱ्या दिवशी एसटीत घेऊन बसली, वॉर्डात घेऊन फिरली. तिच्या स्वतःच्या बापाचा हात असाच उठायचा आणि मग त्याला उठायची सवयच लागली होती. आज एकदा उठला, उद्या परत उठला तर? तिला लेकीपेक्षा स्वतःच्या हाताचीच भीती वाटायला लागली.

लहान मुलांच्या वॉर्डातल्या संयोगिता सिस्टर वयानं मोठ्या, तिघांच्या आई. आम्रपालीनं जेवताना त्यांना सगळं सांगितलं, थप्पडही लपवली नाही. सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पोर काही वाईट नाही. दिवसभर आई नसते, मग रात्री तिला सोडवत नाही, आणि तुला थांबवायला जे चालतं तेच ती मागते. म्हणून आधी तिचं मन भरेल एवढं जवळ घे. रोज एकाच क्रमानं सगळं कर: शू, पाणी, एक गोष्ट, एक मिठी. पुढं काय होणार ते आधीच सांग. गोष्ट कुठली ते तिला निवडू दे, पण किती ते तू ठरव. मग उठून आली तर ओरडायचं नाही, समजावत बसायचं नाही, एकच वाक्य बोलून परत निजवायचं. ‘थोड्या वेळानं बघायला येते’ म्हणालीस तर खरंच जा. पहिले दोन-तीन दिवस जास्तच रडेल, तेव्हा ढिलं सोडलंस तर रडण्यानं मिळतं एवढंच ती शिकेल. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच बोलायचं.

शेवटचं तेवढं सोपं नव्हतं.

बुधवारी सगळं ठरल्यासारखं झालं. क्रांतीनं कोल्ह्याची गोष्ट निवडली, मिठी मारून घेतली. आम्रपाली म्हणाली, “आता झोपायची वेळ. मी थोड्या वेळानं बघायला येते.” ती बाहेर येऊन बसते न बसते तोच आतून ‘पानी’ सुरू झालं. ती गेली, तेच वाक्य बोलली, पांघरूण घातलं, आली. परत ‘पानी’. तिसऱ्या वेळी क्रांती हंबरडा फोडून रडली, आणि आम्रपाली उठायच्या आत पारूबाई भरलेला पेला घेऊन आत गेल्या. झालं, मुसळ केरात. पाण्यामागून आज्जीची गोष्ट आली, आज्जीची मिठी आली, आणि पुन्हा अकरा वाजले.

आम्रपालीला सासूचा मनस्वी राग आला. तिनं आवाज चढवला नाही, पण शब्द जपून वापरले असंही नाही. तुम्ही असं केलं तर उद्या माझा हात परत उठेल, ते तुम्हाला चालेल का, असं विचारलं. पारूबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

त्यांचं माहेर जत भागातलं. टँकरचा मुलूख. पण त्या बोलल्या ते टँकरच्या आधीचं होतं. त्यांची आई विहिरीच्या कडेला घागर ठेवून उभी राहायची, कुणीतरी वरच्या आळीची बाई येईल आणि दया आली तर ओतेल म्हणून. खालच्या आळीतल्यांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कधी सकाळची दुपार व्हायची.

“आई मरताना एवढंच बोलली,” पारूबाई म्हणाल्या. “पारू, तुझ्या दारात पाण्याला कुणाला न्हाई म्हणू नगं. वैरी आला तरी. आता ह्या लेकराला मी कशी न्हाई म्हणू, सांग.”

सिस्टरांच्या सल्ल्यात हे कुठं बसत नव्हतं. आणि क्रांतीनं, कुणीही न शिकवता, या घरात कधी नाकारला न जाणारा एकच शब्द बरोब्बर हुडकला होता. पहाटेच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून आम्रपाली हाच विचार करत होती, आणि करता करता झोपली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा पारूबाई क्रांतीला घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. अंथरुणाशेजारी ठेंगणा पाट, पाटावर स्टीलचा छोटा पेला, झाकणासकट, तळाशी चार घोट पाणी. दुपारभर आज्जी-नातीचा सराव चालला होता. पाच वेळा सांडलं, सहाव्यांदा जमलं. क्रांतीचं झबलं ओलंचिंब होतं आणि चेहऱ्यावर मोठा पराक्रम होता.

“न्हाई म्हणायचं न्हाई,” पारूबाई म्हणाल्या, “आन् उठून द्यायचंबी न्हाई. तिच्या हाताशी हाय. लागलं तर ती घील.”

आम्रपाली त्यांच्याशेजारी बसली. दमलेल्या माणसाला सुटकेचंही रडू येतं, तसं तिला आलं.

गुरुवारी क्रांतीनं बाकी सगळे डाव टाकून पाहिले. दुसरी गोष्ट मागितली, ती उद्यासाठी ठेवली गेली. तीनदा उठून आली, तीनदा तेच वाक्य बोलून हात धरून परत नेली गेली. पारूबाई बाहेर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या, पण हलल्या नाहीत. आम्रपाली सांगितल्यासारखी दर थोड्या वेळानं दारातून डोकावून आली. तिसऱ्या फेरीला तिनं दात आवळले, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि तेच वाक्य हळू बोलली. हात तिथंच राहिले. साडेदहा वाजले. शुक्रवारी दहा.

शनिवारी वाक्य एकदाच बोलावं लागलं. दोघी बायका बाहेर बसून कान देत होत्या. अंथरुणात चुळबुळ झाली. आता हाक येणार म्हणून आम्रपालीनं उठायला गुडघ्यावर हात ठेवला. हाक आली नाही. झाकण सरकल्याचा आवाज आला, मग दोन घोट, मग पेला पाटावर ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही. साडेनऊ वाजले होते.

आता सहा तासांहून जास्त झोप मिळणार, एवढंच आम्रपालीच्या मनात होतं. ती सासूला झोपा म्हणायला वळली, तर पारूबाई भिंतीला टेकून रडत होत्या.

“काय झालं आत्या?” तिनं घाबरून विचारलं.

“मागितलं न्हाई गं तिनं,” पारूबाई म्हणाल्या. “आपलं आपण घेतलं.”