वाकड्या तराजूंचा तास

"माझी वर्कशीट एकदा हातात पडू दे, सहावीतलं एक पोर 'क्ष म्हणजे काय' असं विचारणार नाही," गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. म्हणताना कप इतका जोरात ठेवला की चहा बशीत आला.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं. क्ष म्हणजे काय हे कुणीच विचारलं नाही. पोरांनी जे विचारलं ते त्याहून वाईट होतं.

बाईंचा बेत साधा होता. सहावीची पोरं पहिल्यांदाच गणितात अक्षर बघणार. आजवर गणितात फक्त आकडे भेटलेले, आता अचानक मधेच 'क्ष' येऊन बसणार, पोरं बावरणार. म्हणून तराजूची चित्रं. डाव्या पारड्यात एक बंद खोका, त्यावर क्ष लिहिलेलं, शेजारी तीन गोट्या. उजव्या पारड्यात सात गोट्या. तराजू सरळ. आता खोक्यात किती गोट्या असतील, सांगा बरं. दोन्हीकडून तीन-तीन गोट्या उचला, तराजू सरळच राहतो, आणि खोक्यासमोर उरतात चार. एका दमात समीकरण सुटतं आणि कुणाचं रडणंबिडणं नाही.

बाईंच्या समोरच्या खुर्चीत चिन्हकाका बसायचे. शाळेतले सगळ्यात जुने गणिताचे सर. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकालाच माहीत. त्यांची शिकवण्याची पद्धत एका वाक्यात मावायची: बाजू बदलली की चिन्ह बदलायचं, का ते विचारायचं नाही. अख्ख्या पिढ्या त्यांनी या वाक्यावर पार केल्या होत्या. त्यांनी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सरळच सांगितलं होतं की हे चित्रांचं खूळ बालवाडीत ठीक आहे. मोठ्या बाईंनी मग नेहमीसारखा मध्यममार्ग काढला. बाईंचा एक तास त्या आणि चिन्हकाका मागे बसून बघतील. जमलं तर सगळ्या तुकड्यांना तराजू, नाही जमलं तर सगळ्या तुकड्यांना चिन्हकाका.

बाईंना यात एकाच पोरीची काळजी होती. तिला वर्गात सगळे शंका म्हणायचे. तिचा हात खाली असायचाच नाही. चिन्हकाकांनी दोन वेळा तिला 'का' विचारल्याबद्दल बाहेर उभं केलं होतं, आणि आता ती हात वर करायच्या आधी दाराकडे बघून घ्यायची. 'का विचारायचं नाही' हे वाक्य वर्षभर ऐकावं लागलं, तर ही पोर विचारणंच सोडून देणार, हे बाईंना दिसत होतं.

अडचण एकच. बाईंना चित्र काढता येत नव्हतं. त्यांनी काढलेला पहिला तराजू कपडे अडकवायच्या हँगरसारखा दिसत होता, दुसरा खांद्यावर पोरं घेतलेल्या माणसासारखा. म्हणून त्या चित्रकलेच्या सरांकडे गेल्या.

चित्रकलेच्या सरांकडे आजवर कुणी काही मागायला गेलं होतं, ते फक्त गॅदरिंगचा पडदा रंगवायला. कुणीतरी आपल्याकडून गणितासाठी चित्रं मागतंय हे ऐकून त्यांनी लगेच पेन्सिलीला टोक काढलं. त्यांनी आठ तराजू काढले. साखळ्यांच्या कड्या वेगवेगळ्या, पारड्यांवर उजेड, खाली सावली. बाईंना ते पाहायलाही मिळाले नाहीत, कारण सरांनी उत्साहात ते थेट ऑफिसात नेऊन दिले आणि क्लार्कने सगळ्या तुकड्यांसाठी छापूनही टाकले.

तासाच्या वेळी बाईंनी गठ्ठा उघडून वाटला आणि मग स्वतःच्या हातातल्या पानाकडे पाहिलं. आठच्या आठ तराजू वाकडे होते. एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे, एक तर पार कलंडलेला, जणू त्याला चक्कर आलीय. आणि सातांखालच्या समीकरणांत छापलेलं: बरोबर, बरोबर, बरोबर. फक्त शेवटचा प्रश्न चुकून बरोबर होता, कारण तो मुळात 'कोणतं पारडं खाली जाईल' असा होता. दोन गोट्या एका बाजूला, नऊ दुसऱ्या बाजूला, आणि नवाचं पारडं खाली.

नंतर विचारल्यावर चित्रकलेचे सर शांतपणे म्हणाले की आठच्या आठ तराजू एकाच पोझमध्ये काढायला ती काय प्रेतं आहेत?

पण तासाला ते नव्हते. तासाला मागच्या बाकावर मोठ्या बाई होत्या, शेजारी चिन्हकाका होते, आणि पानं वाटून झाली होती.

शंकाने दाराकडे पाहिलं. मग हात वर केला.

"बाई, यात डावं पारडं खाली गेलंय. म्हणजे ते जड आहे. मग खाली 'बरोबर' असं का लिहिलंय?"

वर्ग तुटूनच पडला. कुणी म्हणालं खोक्यात चारापेक्षा जास्त गोट्या असणार. कुणी म्हणालं, पाच तरी नक्की. बाईंना पंचाईत अशी की पोरांचं बरोबरच होतं. डावीकडे जड असेल तर क्ष अधिक तीन हे सातापेक्षा जास्त, म्हणजे क्ष चारापेक्षा जास्त. समीकरण शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत असमानता शिकवली होती, तीही न शिकवता. मागून चिन्हकाकांना एक समाधानी खोकला आला.

"पानं उलटी ठेवा," बाई म्हणाल्या. "आपण खराच तराजू आणू."

प्रयोगशाळेतला दोन पारड्यांचा तराजू आला. गोट्या कॅरमच्या सामानाबरोबर आणलेल्या नव्या, एकसारख्या. खडूचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका टेबलावर होताच. बाईंनी पोरांना डोळे मिटायला सांगून खोक्यात चार गोट्या टाकल्या, झाकण लावलं, वर खडूने क्ष काढला. खोका आणि तीन गोट्या डावीकडे. मग त्यांनी मोठ्या ऐटीत उजवीकडे सात गोट्या ठेवल्या आणि हात झटकले.

तराजू डावीकडेच झुकलेला राहिला.

बाईंनी आठवी गोटी ठेवली. नाही. नववी ठेवली, तेव्हा कुठे काटा मधे आला. आता मागे वळायची सोय नव्हती, पोरं भराभर वह्यांत लिहू लागली: नऊ वजा तीन, सहा. खोक्यात सहा. पुढच्या बाकावरच्या पोराने झाकण उघडलं आणि मोठ्याने मोजल्या. चार.

अख्खा वर्ग बाईंकडे बघू लागला. जादूगाराच्या हातातून ससा खाली पडल्यावर लोक असेच बघतात. चिन्हकाका अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "म्हणून म्हणतो, बाजू बदला, चिन्ह बदला, सुखी राहा."

बाईंनी खोक्याकडे पाहिलं. डोकं काम करेना. त्यांना एवढंच दिसत होतं की उद्यापासून सगळ्या तुकड्यांना चिन्हकाका.

शंकाने या वेळी दाराकडे पाहिलं नाही. ती उठून सरळ टेबलाजवळ आली.

"बाई, खोका पण काहीतरी वजनाचा असेल ना? आपण फक्त गोट्या धरल्या. तो पुठ्ठा दोन गोट्यांइतका आहे वाटतं."

असं म्हणून तिने चार गोट्या परत खोक्यात टाकून झाकण लावलं, कपाटातून दुसरा रिकामा खडूचा खोका काढला आणि उजव्या पारड्यात ठेवला. दोन गोट्या उचलून घेतल्या. आता डावीकडे भरलेला खोका आणि तीन गोट्या, उजवीकडे रिकामा खोका आणि सात गोट्या. काटा हलला, थोडा घुटमळला आणि मधे येऊन थांबला.

बाई पुन्हा तराजूपाशी आल्या. पुढचं मात्र त्यांना नीट ठाऊक होतं. त्यांनी डावीकडच्या तीन गोट्या उचलल्या. तराजू लगेच उजवीकडे कलला.

"अन्याय," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"मग न्याय करा," बाई म्हणाल्या.

तीन-चार हात एकदम पुढे आले, उजवीकडच्या तीन गोट्या गेल्या, तराजू सरळ. खोक्यासमोर रिकामा खोका आणि चार गोट्या. या वेळी झाकण उघडायची कुणाला गरजही वाटली नाही.

पानं पुन्हा सुलटी झाली. वाकड्या तराजूंना पोरांनी पेन्सिलीने सरळ केलं आणि सोडवायला घेतलं. पाचव्या चित्रात क्ष वजा चार बरोबर सहा होतं. वजा चार गोट्या कशा काढायच्या हा प्रश्न बाईंनीच चित्रकलेच्या सरांपुढे टाकला होता, आणि तिथे मात्र सरांनी कमाल केली होती. खोक्याला चार फुगे बांधलेले, प्रत्येक फुगा एका गोटीइतका वर ओढणारा. पोरं त्या चित्रावर तुटून पडली. फुगे फोडायचे, म्हणजे खोक्याची बाजू चार गोट्यांनी खाली जाणार, म्हणजे तराजू सरळ ठेवायला उजवीकडे चार गोट्या टाकायच्या. सहा आणि चार, दहा. खोका दहाचा.

मागे चिन्हकाका उठून उभे राहिले होते. ते तराजूपाशी आले. डावीकडे तीन गोट्या ठेवल्या, उजवीकडे तीन ठेवल्या. पुन्हा उचलल्या. शंका त्यांच्याकडे बघत उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"सर, म्हणजे तीन पलीकडे गेलेच नाहीत. ते दोन्हीकडून काढले. म्हणून तिकडे वजा होतं. हो ना?"

चिन्हकाकांनी पुन्हा दोन्हीकडे तीन-तीन गोट्या ठेवल्या आणि उचलल्या.

"बस खाली," ते म्हणाले. मग जरा थांबून, "नाही, थांब. ते फुग्यांचं परत सांग."

मोठ्या बाईंनी तास संपायच्या आत निकाल दिला. सगळ्या तुकड्यांना तराजू. फक्त, कृपा करून, सरळ तराजू. चिन्हकाका म्हणाले की ते स्वतः छपाईवर लक्ष ठेवतील, आणि एका तुकडीला हे प्रकरण ते स्वतःच शिकवतील, कारण फुग्यांचा भाग त्यांना जरा पक्का करायचा आहे. शंकाला पुढच्या बाकावर बसवण्यात आलं, जिथून दार दिसत नाही.

चित्रकलेचे सर आधी रुसले. मग बाईंनी फुग्यांची तारीफ केली, तेव्हा विरघळले. त्यांनी पट्टी घेतली, एकेक तराजू पाण्याच्या पातळीसारखा सरळ केला, आणि चिन्हकाकांनी प्रत्येकावर पट्टी ठेवून पाहिल्यावरच पान ऑफिसात गेलं.

नवी वर्कशीट सोमवारी सगळ्या तुकड्यांत वाटली गेली. शेवटच्या प्रश्नात, 'कोणतं पारडं खाली जाईल' याच्या वर, दोन गोट्यांचं आणि नऊ गोट्यांचं पारडं अगदी एका रेषेत होतं.