अंबाड्यातला आकडा

"शोध माझा!" असं गुणाजीने गिरणीच्या साहेबांसमोर छाती फुगवून सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला.

गुणाजी गिरणीत फिटर. तिथल्या विणकरांना मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे. कापसाची धूळ थेट छातीत. लालबागच्या चाळीतला तो खोकला ऐकून ऐकून त्याच्या बायकोने, मालनने, एका मोडक्या धोट्याला चीर पाडली, अंबाड्यातला आकडा वाकवून आत बसवला. सूत बोटाने सरकवलं की झालं! गुणाजीने तो धोटा फक्त लेबर ऑफिसर रमाकांत साहेबांना दाखवला. पण बायकोचा आकडा म्हटलं तर अख्खं खातं हसेल, म्हणून शोध स्वतःच्या नावावर!

आज पेटंटच्या अर्जावर सही होती. इंग्रजी वाचायला नववीतली लेक शेवंती सोबत होती, आणि "माझो आकडो खय चाललो ता बघतंय" म्हणत मालनही.

"नोकरीत कायम होताना तुम्ही करार केलात," साहेब म्हणाले. "नोकरीत असताना नोकराने लावलेला शोध कंपनीचा. तेव्हा पेटंटही कंपनीचं. तुम्हाला पन्नास रुपये बक्षीस."

शेवंतीचं तोंड पडलं. बाहेर सगळे मुंबई कुणाची म्हणून भांडतायत, आणि इथे आईचा आकडा एका सहीने जाणार! तिने अर्ज ओढून वाचायला घेतला आणि एका ओळीवर थबकली.

"बाबा, इथे लिहिलंय, खरा आणि पहिला शोधक मी गुणाजीच. खोटं निघालं तर पेटंट रद्द होऊ शकतं. करता सही?"

गुणाजीच्या हातातलं पेन थांबलं. त्याने मालनकडे बघितलं.

"साहेब," तो कान धरून म्हणाला, "शोध हिचा. मी नुसता फुगलो."

"पण करार—"

"नोकराचा आहे ना?" शेवंती उसळली. "आई कुठे नोकर आहे तुमची?"

"धोटा तर गिरणीचा!"

"धोटो घेवा तुमचो," मालन म्हणाली. "डोक्यातला मात्र माझा हां!"

साहेब हसले. वकिलाला फोन करून विचारलं, आणि फोन ठेवून कपाळ चोळलं. "अर्ज बाईंच्याच नावाने करावा लागेल. मग कंपनी पेटंट त्यांच्याकडून विकत घेईल, चालेल?"

"इकूचा नाय," मालन म्हणाली. "वापरा. पण मालकी माझी, आणि प्रत्येक धोट्यामागे मोबदला. सगळ्या विणकरांना आधी द्या, पुढचा मगे बोलू."

"अर्ज दाखल होईपर्यंत कुणाला दाखवू नका," साहेब पुटपुटले आणि नव्या कागदावर तिचं नाव लिहू लागले.

परतताना गुणाजी जरा मागेच चालत होता.

"काय हो बाबा, कसला विचार?" शेवंतीने डिवचलं.

"अर्ज दाखल झाल्यावर खात्यात कसा सांगू, ह्याचाच." मग स्वतःच हसत म्हणाला, "सांगतो, माझ्या बायकोने लावला. हसतील तर हसूदेत मेले, खोकणार तरी नाहीत!"