पगारबाईची पगारवाढ

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे पगारबाई म्हणत. दोनशे चाळीस माणसांचे पगार ती काढायची, आणि कोणाच्या घरात काय शिजतं हे तिला त्यांच्या बायकांच्या आधी कळायचं. तिच्या टेबलावर एक अर्ज असायचा. पगारातली ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात जमा करावी, एवढाच त्यात मजकूर. कारखान्यातली पंधरा-वीस माणसं तो अर्ज भरून गेली होती, त्यात बहुतेक सगळे नवरे. मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री तर अर्ज देताना दाराकडे बघत म्हणाला होता, "बाई, हे घरी कळायला नको." पगारबाईने डोळे मोठे करून सांगितलं होतं, "मी कशाला सांगू? पण लाज नाही वाटत?" आणि नंतर हिशेब विभागातल्या बायकांसोबत पोट धरून हसली होती.

तर ही बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आली ती बारा आठवड्यांनी. आणि तिच्या जागी घरी बसला तो नवरा.

हे दोघांनी मिळून, कागद पेन्सिल घेऊन ठरवलेलं होतं. तिचा पगार चौतीस हजार. तो विजेच्या जळालेल्या मोटारींची आणि पंपांची तार पुन्हा गुंडाळून द्यायच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता, त्याला एकोणीस मिळायचे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ ठेवून घ्यायला पाळणाघर अकरा मागत होतं, कारण एवढ्या लहान तीन बाळांमागे एक बाई लागते. त्याचं जाणं-येणं आणि बाहेरचं खाणं तीन. उरले पाच.

"पाच हजारांसाठी टिचकीला परक्यांच्या हाती द्यायची?" तो म्हणाला होता. "मी राहतो घरी."

टिचकी म्हणजे मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं.

मग चौतिसात घर बसवलं. भाडं बारा, किराणा-भाजी आठ, दूधपावडरीचे डबे आणि लंगोट साडेचार, वीज-पाणी-गॅस अडीच, तिचा बसचा पास एक, डॉक्टर आणि लशी दीड. त्याच्या वर्कशॉपचा विमा गेला, म्हणून तिच्या विम्यात त्याचं आणि मुलीचं नाव घातलं, त्याचा एक. दोघांना हातखर्चाला एकेक. शेवटचा मुद्दा त्यानेच मांडला, जरा खाली मान घालून. "मी तुझ्याकडे दाढीच्या ब्लेडला पैसे मागायचे नाहीत, बरं का." ती म्हणाली, "वेडा आहेस का? तोही पगारच." उरलेले दीड हजार गंगाजळीत. आणि एक अट घातली: गंगाजळी पन्नासच्या खाली गेली की त्याने परत कामाला लागायचं, कुरकुर न करता. पहिल्या महिन्याअखेर गंगाजळी चोपन्न होती. कागद फ्रिजवर चिकटवला. दोघं खूश झाली.

खूश झाली म्हणजे तो झाला. तिचं बिनसायला आठवडाही लागला नाही.

संध्याकाळी ती सहाला घरी यायची. पर्स टाकून हात धुवून टिचकीला घ्यायची, आणि टिचकी भोकाड पसरायची. बापाने घेतलं की गप्प. तेही कसं, तर त्याच्या शर्टात नाक खुपसून, आईकडे पाठ करून! "अगं, दमलीय ती," तो म्हणायचा. पगारबाईला वाटायचं, दिवसभर पाळण्यात लोळून ही दमली, आणि मी काय तिकडे पाळण्यात होते? शेजारीण एकदा दारातून म्हणाली, "बापाची लेक आहे हो अगदी." शेजारीण चांगली बाई. तरी पगारबाईने चार दिवस तिच्याशी धड बोलणं टाकलं.

आणि बुधवारी अकरा वाजता टिचकी पहिल्यांदा कुशीवर वळली. बुधवारी अकरा वाजता पगारबाई विणकाम विभागाचा ओव्हरटाइम लावत बसली होती. संध्याकाळी तो उड्या मारत सांगायला लागला, अशी वळली, मग हात अडकला, मग रडली, मग स्वतःच हसली. ती "अगं बाई!" म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. तिच्या मुलीचे दिवस तो भरपेट जेवत होता आणि तिला संध्याकाळी उरलेलं वाढत होता. असं तिला वाटलं. खोटं कशाला सांगा, तिला त्याचा राग राग आला.

दुसऱ्या महिन्यात घरमालकाने भाडं दीडने वाढवलं. तिचं दूध कमी झालं, म्हणून डब्यांचा खर्च दोनने वाढला. आणि त्याच महिन्यात साहेबांनी तिला बोलावून पगारवाढीचं पत्र दिलं. चार हजार.

साधा हिशेब होता. घरात दोनचा खड्डा पडत होता आणि हातात चार आले होते. खड्डा बुजून वर दोन उरले असते. पत्र घेऊन ती जागेवर आली, खण उघडला, तो अर्ज काढला आणि भरला. चौतीस नेहमीच्या खात्यात, वरचे चार तिच्या लग्नाआधीच्या जुन्या खात्यात. अर्ज तिनेच लिहिला, तिनेच मंजूर केला. मिस्त्रीला बोललेले शब्द तिला आठवले नाहीत असं नाही. आठवले, आणि तिने शिक्का मारला.

हे पैशासाठी नव्हतं. तिला त्यातला एक पैसा उडवायचा नव्हता. तिला फक्त गंगाजळी पन्नासच्या खाली न्यायची होती. मग तो वर्कशॉपला जाईल, टिचकी पाळणाघरात जाईल, आणि संध्याकाळी सहाला दोघं सारखीच दमून, सारखीच परकी होऊन तिच्यासमोर उभी राहतील. मग बघू कोणाच्या शर्टात नाक खुपसते ते.

त्या महिन्याअखेर गंगाजळी बावन्नवर आली. पण नवरा वस्ताद निघाला. त्याने कागद फ्रिजवरून काढला, पेन्सिल चावली आणि स्वतःचा हातखर्च खोडून टाकला. दुकानचे लंगोट फक्त बाहेर जाताना; घरी जुन्या सुती चादरीचे, तो स्वतः धुवून वाळत घालायचा. तिसऱ्या महिन्यात खड्डा बुजला. बावन्नचे बावन्न.

"बघ! जमतंय," तो म्हणाला. त्याचे हात साबणाने पांढरे पडले होते आणि दाढी वाढली होती. तिला त्याची दया यायला हवी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच शनिवारी तिने अडीच हजारांचं एक खेळणं आणलं. पाळण्यावर लावायचं, गाणी म्हणत फिरणारं, सहा हत्ती असलेलं. खर्च टाकला गंगाजळीवर. मनातल्या मनात तिने हिशेब केला नव्हता असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. पण अडीचच्या जागी दीडचं खेळणं शेजारीच होतं. हत्ती फिरले. टिचकीने एक मिनिट पाहिलं, मग बापाच्या हातातल्या भाजीच्या कागदी पिशवीचा चुरचुर आवाज ऐकून तिकडे झेपावली.

रविवारी सकाळी त्याने आकडा लिहिला. साडेएकोणपन्नास. खेळण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"ठरलं म्हणजे ठरलं," तो म्हणाला. टिचकी त्याच्या मांडीवर होती. "शेठशी बोललो होतो मी आधीच. उद्यापासून ये म्हणतायत." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुझी वाढ नाही ना गं झाली या वर्षी? चार हजार जरी झाली असती ना, तर निभलं असतं."

चारच म्हणाला. तीन नाही, पाच नाही. भाडं आणि डबे मिळून साडेतीन वाढले होते; हिशेब त्यालाही येत होता.

"कोणालाच दिली नाही," ती म्हणाली.

"जाऊ दे. तुझी काय चूक त्यात." तो टिचकीच्या टाळूवर हात फिरवत राहिला. "फक्त पाळणाघरात तू सोडायला जा. मला नाही जमायचं."

सोमवारी तो आठलाच निघून गेला. टिचकीकडे न बघता गेला. पगारबाईने अर्धी रजा घेतली होती. पाळणाघर स्वच्छ होतं. चटया, जाळीचे पलंग, भिंतीवरच्या फळीवर नावं चिकटवलेल्या बाटल्या. ठेवून घेणारी बाई प्रेमळ वाटली. तिने टिचकीला घेतलं आणि पगारबाईच्या हातात फॉर्म दिला. आयुष्यभर फॉर्म भरवून घेतलेली बाई ती, सरसर लिहीत सुटली. जन्मतारीख. वजन. लशी. मग आलं: बाळ किती वाजता झोपतं? तिने "दुपारी" लिहिलं आणि थांबली. दुपारी किती वाजता? बाटली किती वेळाने द्यावी? भूक लागल्याचं कसं ओळखावं? बाळ रडल्यास कशाने शांत होतं?

तेवढ्यात टिचकी रडायला लागली. प्रेमळ बाईने हलवलं, खुळखुळा वाजवला, खिडकीपाशी नेलं. टिचकी लालबुंद झाली. "तुम्हीच सांगा ताई, काय करता तुम्ही?"

पगारबाई उभी होती. तिच्या हातात पेन होतं आणि तीन ओळी कोऱ्या होत्या. तिने नवऱ्याला फोन लावला.

मागे मशीनची घरघर होती. "काय झालं? ती का रडतेय?"

तिला विचारायचं होतं ते वेगळंच. तोंडातून भलतंच निघालं. "माझी वाढ झालीय. चार हजार. दोन महिने झाले. मी दुसऱ्या खात्यात वळवली."

घरघर चालू राहिली. टिचकीचा हुंदका अडकला, सुटला, परत अडकला.

"का?"

"ती तुझ्याकडेच जाते म्हणून."

तो बोलला ते अगदी कोरड्या आवाजात, एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "तिला डाव्या खांद्यावर घे. हलवू नकोस. मानेमागे दोन बोटं ठेव आणि तिच्या कानाशी तोंडातल्या तोंडात एकसुरी हूं हूं कर, मोटार चालते तसं. बाकीचं घरी आल्यावर बोलू." आणि त्याने फोन ठेवला.

तिने टिचकीला घेतलं. डावा खांदा, दोन बोटं, हूं हूं. प्रेमळ बाई बघत होती. तिसऱ्या श्वासाला टिचकीचं अंग सैल पडलं, आणि तिने आईच्या मानेत नाक खुपसलं. इतके दिवस पगारबाईला हवं होतं ते हेच.

फॉर्म तसाच टेबलावर ठेवून, टिचकीला खांद्यावर घेऊनच ती घरी निघाली. रस्त्यात टिचकी झोपली तरी ती हूं हूं करतच राहिली, थांबवायची भीती वाटत होती म्हणून. घरी जाऊन काय काय ऐकावं लागणार हे तिला माहीत होतं, आणि तो बोलेल त्यातला एक शब्दही खोटा नसेल. पण हे सुद्धा तोच शिकवून गेला, एवढं तिच्या मनात आलंच, आणि त्या वेळी देखील तिला त्याचा हेवा वाटला.