मधला आकडा

कांद्याच्या वखारीत पिंजरा ठेवला होता आणि त्यावर काळी ताडपत्री टाकली होती. आत बिबट्या होता. पहाटे उसाच्या कडेला अडकला, आणि सुटायच्या धडपडीत पुढचा पंजा गजात फाडून घेतला. ताडपत्रीखालून रक्ताची बारीक रेघ उताराने दाराकडे येत होती.

डॉ. रविंद्र गुरांचे डॉक्टर. महाळुंगे पडवळच्या गाई-म्हशी त्यांच्या हाताखालून गेलेल्या, पण बिबट्याला भूल द्यायची वेळ पहिलीच. वन्यप्राण्यांची डॉक्टर प्रज्ञा मढच्या बाजूला दुसऱ्या कामात होती. तिला यायला दोन तास लागणार होते, आणि जखम तेवढा वेळ थांबेल असं दिसत नव्हतं. फोनवर तिने सांगितलं होतं, "वजन कळवा सर. मात्रा मी काढून देते, भूल तुम्ही द्या."

वनरक्षक भरतच्या वहीत वजनं होती. पिंजरा लावण्याआधी त्याने तो रिकामा तोलला होता, आणि सकाळी वखारीच्या काट्यावर जनावरासकट. रविंद्रांनी पानाचा फोटो काढून पाठवला. वर जनावरासकट 210, खाली रिकामा 180. तीस किलो. पिल्लू नाही, पण फार मोठंही नाही.

ताडपत्री वर करून बघायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. बोटभर उचलताच आतून अशी धडक बसली की पिंजरा फरशीवर सरकला. दिसला तो फक्त अंधार.

"डॉक्टर," ऊसवाले भिमाजी मागून म्हणाले, "गाईला सुई मारताना तुमी एवढा फोन न्हाई बघत."

"गाय मला खात नाही, भिमाजीभाऊ."

दाराबाहेर माणसं वाढत होती. त्यांना आवरायला भरत फाटकाशी उभा होता.

फोन थरथरला, प्रज्ञाचं उत्तर आलं होतं. रविंद्रांची नजर सरळ मिलिलिटरवर गेली. केटामाईन दीड. झायलाझीन शून्य पूर्णांक बेचाळीस. त्यांनी भुलीची दोन्ही औषधं सिरिंजमध्ये ओढली, लांब दांडीला सिरिंज बसवली. भिमाजींचा पुतण्या पलीकडे दोरी धरून उभा राहिला. जनावर निजलं की दार त्याने वर ओढायचं आणि पंजा बाहेर घ्यायचा, असं ठरलं होतं.

आकडा एकदा ताडून बघावा म्हणून त्यांनी फोन पुन्हा उघडला, आणि या वेळी वरून वाचला.

"सर, आधी हे. रिकाम्या पिंजऱ्याचा मधला आकडा मला नीट लागत नाही. एक नुसती उभी रेघ आहे, त्यावरून मराठी की इंग्रजी कळत नाही. वरचा 210 इंग्रजीत आहे, म्हणून खालचा इंग्रजी 8 धरते. पिंजरा 180, जनावर 30 किलो. केटामाईन दीड मिली, झायलाझीन 0.42. पण तो मराठी ४ असेल तर पिंजरा 140 आणि जनावर 70. मग केटामाईन साडेतीन, झायलाझीन 0.98. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय सिरिंज भरू नका."

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. मघाशी साफ वाटलेला 8 वरच्या टोकाला उघडा होता. किंवा शाई तिथे पुसट होती. नक्की काहीच सांगता येत नव्हतं.

"भरतला बोलवा."

"आता कशाला, राव? सुई भरलीय न्हवं," भिमाजी म्हणाले.

"बोलवा म्हटलं."

भरत धापा टाकत आला. रविंद्रांनी वहीवर बोट ठेवलं. "हा कितीचा आकडा?"

"एकशे चाळीस." भरतने एकदा त्यांच्याकडे, एकदा सिरिंजकडे पाहिलं. "त्या दिवशी एकटाच व्हतो साहेब, मराठीत लिवलं. आज काट्यावरचा इंग्रजी आकडा बघून तसाच वरच्या मोकळ्या जागेत उतरवला. काय झालं?"

रविंद्रांनी दीड मिलीची सिरिंज दांडीवरून काढून बाजूला ठेवली. नवी घेतली. साडेतीन. शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव. दोनदा मोजलं, आणि दुसऱ्यांदा भरतला मोठ्याने वाचायला लावलं. मग प्रज्ञाला लिहिलं: "चार आहे. सत्तर किलो."

सुई आत गेली तेव्हा गुरगुर फरशीतून पायांत चढली. मग ती हळूहळू लांबत गेली आणि थांबली. वीस मिनिटं गेली. रविंद्रांनी ताडपत्रीची कड उचलून बांबूने मानेला, मग कानाला स्पर्श केला. हालचाल नाही.

ताडपत्री काढली. पुतण्या दोरी हातात धरूनच मागे सरला. पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नर पसरला होता, शेपटी दाराच्या गजांतून अर्धी बाहेर.

"अर्ध्याहून कमी दिलं असतं तर?" भिमाजींनी हळूच विचारलं.

"निजल्यासारखा दिसला असता," रविंद्र म्हणाले, "हात लावेपर्यंत."

पुतण्याने दार वर ओढून धरलं, आणि रविंद्रांनी पंजा बाहेर मांडीवर घेतला. तो त्यांच्या तळव्यापेक्षा रुंद होता. जखम धुतली, टाके घातले, शेवटची गाठ मारली.

तेवढ्यात बिबट्याचा कान हलला. एकदाच. त्यांनी पंजा आत सरकवला.

"दार," ते म्हणाले. आवाज न चढवता.